'तू शिजलीस' नव्हे, 'तुझं काही खरं नाही': चॅटच्या स्क्रीनशॉटचं मराठी कसं करावं?



हल्ली शाळेत एक नवीनच काम आपल्या वाट्याला येतं. पालकसभा संपली की एखादी आई बाजूला थांबते, मोबाईल पुढे करते आणि म्हणते, "बाई, हे जरा वाचून सांगा ना, काय लिहिलंय ते." समोर असतो मुलीच्या चॅटचा स्क्रीनशॉट. अर्धं इंग्रजी, त्यातले निम्मे शब्द शब्दकोशात नाहीत, आणि मध्ये मध्ये कवट्या, रडकी तोंडं, आगीच्या ज्वाळा. आईने घरी मोबाईलवर भाषांतर करून पाहिलेलं असतं. त्यात 'मी मेलेली आहे' असं आलेलं असतं आणि तिची रात्रभर झोप उडालेली असते.

अशा वेळी आपण सांगू ते मराठी म्हणजे त्या आईसाठी पुरावाच असतो. त्यावरून ती मुलीला रागवणार, मैत्रिणीच्या घरी फोन करणार किंवा "काही नाही, थट्टा चाललीये" म्हणून सोडून देणार. म्हणून या लेखात एकच चॅट घेऊन ते सावकाश मराठीत आणून पाहूया. सूत्र एकच लक्षात ठेवायचं: शब्द काय आहे यापेक्षा लिहिणारी व्यक्ती त्या ओळीने काय करते आहे ते आधी ओळखायचं, आणि मग तेच काम मराठीत कोणत्या शब्दांनी होतं ते शोधायचं.

आपला नमुना

हा संवाद मी या लेखासाठी रचलेला आहे. तन्वी आणि रिया या सातवीतल्या मैत्रिणी. शाळेच्या नाटकात रियाचं काम आहे, प्रयोग रविवारी आहे. स्क्रीनशॉट रियाच्या मोबाईलवरचा आहे.

```
1 Tanvi 8:51  how was drama practice
2 Riya  8:52  bro I forgot my whole dialogue 😭😭
3 Riya  8:52  sir just stared at me 💀
4 Tanvi 8:53  I'M DEAD
5 Tanvi 8:53  you're so cooked lol
6 Riya  8:54  stoppp 😭
7 Riya  9:03  ngl I wanna disappear
8 Tanvi 9:04  nahh you'll eat on sunday 🔥
9 Riya  9:31  k.
```

आता याचं शब्दाला शब्द लावून केलेलं मराठी पाहा:

1. नाटकाचा सराव कसा होता
2. भाऊ, मी माझा संपूर्ण संवाद विसरले
3. सरांनी फक्त माझ्याकडे रोखून पाहिले
4. मी मेलेली आहे
5. तू खूप शिजलेली आहेस
6. थांबा
7. खोटं बोलणार नाही, मला गायब व्हायचं आहे
8. नाही, तू रविवारी खाशील
9. के.

हे वाचून आईला काय वाटेल? सर मुलीकडे रोखून बघतात, मैत्रीण मरणाच्या गोष्टी करते, मुलगी पळून जाणार आहे आणि रविवारी कुठेतरी जेवायला जायचंय. शब्द जवळजवळ सगळे बरोबर, पण गोष्ट पूर्ण चुकलेली.

आधी चित्र वाचा, मग शब्द

स्क्रीनशॉट हे आधी एक चित्र आहे. भाषांतराला बसण्यापूर्वी त्या चित्रातल्या चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, कोण बोलतंय. व्हॉट्सॲपवर उजवीकडचे फुगे ज्याचा मोबाईल त्याचे, डावीकडचे समोरच्याचे. दोघींच्याच चॅटमध्ये प्रत्येक ओळीवर नाव नसतं, त्यामुळे घाईत वाचणारा माणूस बाजू उलट धरतो आणि चिडवणारी कोण, चिडवली गेलेली कोण हेच बदलून जातं. वरच्या नमुन्यात मी सोयीसाठी नावं लिहिली आहेत, खऱ्या फोटोत ती बाजूवरून ओळखावी लागतात.

दुसरी गोष्ट, वेळ. प्रत्येक फुग्याच्या कोपऱ्यात वेळ असते. आपल्या नमुन्यात पहिल्या सहा ओळी तीन मिनिटांत झाल्या, म्हणजे गप्पा रंगात आहेत. मग सहावी आणि सातवी यांच्यात नऊ मिनिटांची शांतता आहे. शेवटचं उत्तर तर सत्तावीस मिनिटांनी आलंय. समोरासमोर बोलताना आपण जसं 'ती जरा थांबली आणि मग म्हणाली' असं सांगतो, तसंच हे थांबणं भाषांतरात सांगायला हवं. अर्थात मध्येच जेवायला हाक आली असेल, हेही शक्य आहे. वेळ ही खूण आहे, निकाल नव्हे.

तिसरी गोष्ट, फुग्याच्या खालच्या कडेला चिकटलेला छोटा इमोजी. तो त्या मेसेजचा भाग नसतो. तो मेसेज वाचून कुणीतरी दिलेली ती दाद असते. रडून लिहिलेल्या ओळीखाली हसरं तोंड दिसलं, तर लिहिणारी हसते आहे असं नाही, वाचणारं कुणीतरी हसलंय. छळाच्या तक्रारीत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

चौथी गोष्ट, फोटो कुठून कापलाय. पहिल्या ओळीच्या वर काय होतं, शेवटच्या खाली काय आलं, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून शक्य असेल तर मागचे-पुढचे आठ-दहा मेसेज पाहायला मागा, आणि तेही मुलीला सांगून, तिच्या समोर.

प्रत्येक ओळीला एक क्रियापद

आता शब्दांकडे वळण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एकच क्रियापद लिहा: ही ओळ काय करते? पहिली ओळ चौकशी करते. दुसरी फजिती सांगते. तिसरी लाजते. चौथी खदखदून हसते. पाचवी चिडवते. सहावी 'पुरे' म्हणते. सातवी मन उघडं करते. आठवी धीर देते. नववी विषय बंद करते.

ही यादी झाली की निम्मं भाषांतर झालंच म्हणून समजा. कारण आता आपल्याला इंग्रजी शब्दाचा मराठी शब्द शोधायचा नाहीये. 'सातवीतली मराठी मुलगी मैत्रिणीला चिडवताना काय म्हणते?' एवढंच आठवायचंय. आणि ते आपण वर्गात, मैदानावर, खिचडीच्या रांगेत रोज ऐकतो.

शिजणं, खाणं आणि दोन वेळा मरणं

पाचव्या ओळीत तन्वी रियाला 'कुक्ड' म्हणते. आजच्या मुलांच्या बोलीत याचा अर्थ 'आता तू अडकलीस, तुझी सुटका नाही'. मराठीत यासाठी दोन वाक्प्रचार लगेच सुचतात: 'तुझी आता खैर नाही' आणि 'तुझं आता काही खरं नाही'. वरवर दोन्ही सारखेच. पण मोठ्याने म्हणून पाहा. 'खैर नाही' म्हणणारा माणूस स्वतःच शिक्षा देणार असतो, त्यात धमकी आहे. 'काही खरं नाही' म्हणणारी मैत्रीण बाजूला उभी राहून गंमत बघते आहे. तन्वी गंमत बघतेय, शेवटी हसण्याची खूणही आहे. म्हणून 'तुझं काही खरं नाही आता'. इथे चुकून 'खैर नाही' लिहिलं असतं, तर त्या एका शब्दाने मैत्रिणीला गुंड ठरवलं असतं.

आठव्या ओळीतलं 'ईट' हे जेवण नाही. मुलांच्या बोलीत एखाद्याने सादरीकरण जबरदस्त केलं की त्याने ते 'खाल्लं' म्हणतात. आपल्याकडे नाटकाला याहून छान शब्द आहे, गाजवणं. 'रविवारी तूच गाजवशील बघ.' ज्वाळेचा इमोजी इथे आग लागल्याची बातमी देत नाही, तो शाबासकीच्या जागी आहे.

आता मरणाकडे येऊ. तिसऱ्या ओळीतली कवटी आणि चौथ्या ओळीतलं 'आय ॲम डेड', दोन्हीकडे मरणच आहे. पण रिया लाजेने मेली आहे आणि तन्वी हसून मेली आहे. मराठीत या दोन मरणांसाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत. लाजेचं मरण म्हणजे 'मेल्याहून मेल्यासारखं झालं', आणि हसण्याचं मरण म्हणजे 'हसून हसून मेले'. म्हणजे मरणाची उपमा आपल्यालाही परकी नाही. फक्त इंग्रजी चॅटमध्ये जे एका कवटीत भागतं, ते मराठीत सांगताना कुठल्या कारणाने मरण आलं तेही सांगावं लागतं. ते कारण आपल्या क्रियापदांच्या यादीत आधीच लिहिलेलं असतं.

दुसऱ्या ओळीत रिया मैत्रिणीला 'ब्रो' म्हणते. इथे भाऊ कुणीच नाही. तो शब्द फक्त हाक मारतो आणि लक्ष वेधतो. मुलीने मुलीशी बोलताना मराठीत तेच काम 'अगं' करतं, मुलगा मुलाशी बोलत असेल तर 'अरे' किंवा 'भावा'.

आणि तिसऱ्या ओळीतले सर. इंग्रजीत 'स्टेअर्ड' म्हणजे टक लावून पाहिलं. मराठीत 'रोखून पाहिलं' म्हटलं की राग किंवा वाईट नजर डोकावते. इथे सर बहुधा अवाक् झालेत. म्हणून 'सर नुसते बघतच राहिले'. इंग्रजीत न दिसणारा आदरही 'राहिले' या रूपात आपोआप येतो. शिक्षकाबद्दलच्या वाक्यात असा शब्द निवडताना दुप्पट काळजी घ्यावी, कारण अशा एका क्रियापदावरून गैरसमज उभा राहू शकतो.

इमोजी, मोठी अक्षरं आणि ताणलेला शब्द

इमोजी हा शब्द जपानी आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. प्रत्येक इमोजीला युनिकोडमध्ये अधिकृत नाव असतं. 😭 चं नाव आहे 'लाउडली क्राइंग फेस', म्हणजे मोठ्याने रडणारा चेहरा. पण हे नाव चित्राचं वर्णन करतं, वापराचं नाही. मुलं हा चेहरा रडण्यासाठी कमी आणि 'आवरेनासं झालं' यासाठी जास्त वापरतात. हसू आवरेना, लाज आवरेना, कौतुक आवरेना, काहीही. दुसऱ्या ओळीतले दोन रडके चेहरे म्हणजे 'काय सांगू आता!' एवढंच.

वयानेही अर्थ बदलतो. घरच्या ग्रुपवर आजोबा 👍 पाठवतात तेव्हा 'छान, कळलं' असं असतं. तोच अंगठा एका किशोरवयीन मुलीने मैत्रिणीच्या लांबलचक मेसेजला दिला, तर तो तुटक वाटू शकतो. साधं हसणारं 🙂 मोठ्यांसाठी प्रेमळ असतं, पण मुलांच्या बोलण्यात अनेकदा ते दात-ओठ खाऊन हसणं असतं. आणि 🙏 आपल्या महाराष्ट्रात नमस्कार, आभार, माफी आणि श्रद्धांजली, चारही ठिकाणी चालतो. म्हणून इमोजीचा अर्थ विचारताना 'हे चित्र कशाचं?' याऐवजी 'हे कुणी, कुणाला, कशानंतर पाठवलं?' असं विचारावं.

त्यात मोबाईलचाही हात असतो. एकच इमोजी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाईलवर वेगळा काढलेला दिसतो. 2016 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की काही चेहऱ्यांचा भाव लोक त्यामुळे अगदी वेगळा वाचतात. स्क्रीनशॉटमध्ये दिसतो तो फोटो काढणाऱ्याच्या मोबाईलवरचा चेहरा. पाठवणाऱ्याने नेमका तोच पाहिला असेल असं नाही.

मग मराठीत इमोजीचं काय करायचं? माझा अनुभव असा की इमोजी जे काम करतो, ते मराठीत आपली छोटी अव्ययं फार सुंदर करतात: ना, गं, बघ, की, हं, बरं का, आणि शब्दाला चिकटणारा 'च'. 'डायलॉग विसरले' ही नुसती बातमी आहे. 'अख्खा डायलॉगच विसरले गं' यात फजितीही आली आणि हसूही आलं. जिथे अव्ययाने सूर आला तिथे इमोजी गाळला तरी चालतो, जसं तिसऱ्या ओळीतली कवटी. जिथे आईला मूळ खूण दिसायला हवी, तिथे तो तसाच ठेवावा. पण त्याच्यापुढे 'रडणे', 'कवटी' असं चित्राचं नाव मात्र लिहू नये.

चौथी ओळ सगळी मोठ्या अक्षरांत आहे. इंग्रजीत हे ओरडणं असतं. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, मग तो आवाज उद्गारातून आणावा लागतो: 'अगं आई गं!' सहाव्या ओळीत शेवटचं अक्षर तीनदा आलंय. ही चूक नाही, तो लाडिक हेल आहे. आपल्याकडे त्यासाठी अवग्रह आहेच: 'गऽऽप ना गं'. 'थांबा' मधला हुकूम इथे नकोच.

एक अडचण मराठीचीच आहे. इंग्रजीत 'आय फरगॉट' म्हटलं की मुलगा की मुलगी ते कळत नाही. मराठीत 'विसरलो' की 'विसरले' हे ठरवावंच लागतं. ग्रुपमधल्या टोपणनावावरून कळत नसेल तर अंदाजाने लिहू नका, वाक्य फिरवा: 'मला डायलॉग आठवलाच नाही.' यात लिंग उघड होत नाही आणि अर्थही राहतो. छळाच्या प्रकरणात 'हे कुणी लिहिलं' हाच प्रश्न असताना असा एक प्रत्यय उगाच कुणाकडे तरी बोट दाखवतो.

सातवी ओळ

आता या चॅटमधल्या सगळ्यात अवघड जागी येऊ. पहिल्या सहा ओळींत रिया दोन्ही वेळा इमोजी घालून फजिती सांगते, लाडात 'गप' म्हणते. मग नऊ मिनिटं शांतता. आणि सातव्या ओळीत एकही इमोजी नाही, ताणलेलं अक्षर नाही. सुरुवातीची तीन अक्षरं म्हणजे 'नॉट गॉना लाय', आपल्या भाषेत 'खरं सांगू?' हा शब्दप्रयोग थट्टेतही येतो. पण इथे तो रियाच्या सुरातल्या बदलाबरोबर आलाय. प्रत्येक मुलाची लिहिण्याची एक सवय असते. त्या सवयीपासून ओळ कुठे तुटते ते पाहणं हे एखाद्या शब्दाचा अर्थ शोधण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पुढचे शब्द आहेत 'नाहीसं व्हावंसं वाटतं' या अर्थाचे. मराठीत तीन वाटा दिसतात. एक, 'धरणीने पोटात घ्यावं असं झालंय.' वाक्प्रचार अगदी मराठी आहे, पण तो फक्त लाज सांगतो आणि थोडा नाटकीही आहे. हे लिहिलं की आई हसून सोडून देईल. दुसरी वाट, 'मला आता जगावंसं वाटत नाही.' हे मूळ ओळीत नाहीच, आपण घातलेलं आहे. हे वाचून आई त्याच रात्री मुलीचा मोबाईल काढून घेईल. तिसरी, 'खरं सांगू? कुठेतरी नाहीसं व्हावंसं वाटतंय.' यात लाजही मावते आणि त्याहून खोल काही असेल तर तेही मावतं.

मी तिसरी वाट घेईन. गंमत पाहा, इतका वेळ आपण शब्दशः भाषांतर टाळत होतो, आणि इथे मात्र जवळजवळ शब्दाला धरून चाललो. कारण या ओळीचा अर्थ खरोखरच दोन बाजूंना जाऊ शकतो. मूळ ओळ जेवढी मोघम आहे तेवढीच मोघम ती मराठीत राहिली पाहिजे. भाषांतर करणाऱ्याने स्वतःच निकाल लावून टाकला, तर मुलीला विचारायची गरजच उरत नाही. म्हणून अशा ओळीखाली एक टीप लिहावी: 'इथे सूर बदलला आहे. लाज असू शकते, जास्तही असू शकतं. मुलीशी बोलून पाहावं.'

आणि नववी ओळ. एकच अक्षर आणि पूर्णविराम. 2015 साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं की मोबाईलवरच्या एका शब्दाच्या उत्तरानंतर पूर्णविराम असेल, तर विद्यार्थ्यांना ते उत्तर कमी मनापासून दिलेलं वाटतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसा फरक दिसला नाही. आपण शाळेत पूर्णविराम द्यायला शिकवतो, आणि चॅटमध्ये तोच पूर्णविराम दार लावून घेतल्यासारखा वाटतो! मराठीत 'ठीक आहे' म्हटलं तर ते मोकळं वाटतं. 'बरं.' म्हटलं की दार लागतं.

पूर्ण मराठी रूप

1. तन्वी: काय गं, नाटकाची प्रॅक्टिस कशी झाली?
2. रिया: अगं, मी अख्खा डायलॉगच विसरले गं 😭😭
3. रिया: सर नुसते बघतच राहिले माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं!
4. तन्वी: अगं आई गं! हसून हसून मेले मी!
5. तन्वी: तुझं काही खरं नाही आता, हा हा
6. रिया: गऽऽप ना गं 😭
(नऊ मिनिटांनी)
7. रिया: खरं सांगू? कुठेतरी नाहीसं व्हावंसं वाटतंय.
8. तन्वी: हॅट! रविवारी तूच गाजवशील बघ 🔥
(सत्तावीस मिनिटांनी)
9. रिया: बरं.

आता चॅट उलगडतं. सरांनी काही वावगं केलेलं नाही. तन्वी दुष्ट नाही, तिने चिडवलं आणि लगेच धीरही दिला. पण रियाचं मन कुठे दुखावलं ते तिच्या लक्षात आलं नाही. आणि रियाला रविवारच्या प्रयोगाची मनातून भीती बसली आहे. पहिल्या भाषांतरात आई चौथ्या आणि पाचव्या ओळीला घाबरली होती. खरं लक्ष द्यायला हवं ते सातव्या आणि नवव्या ओळीकडे.

बरोबर झालंय हे कसं ओळखायचं?

दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली, मराठी रूप मोठ्याने वाचा, दोन आवाजांत. एखादी ओळ मुलीच्या तोंडी बसत नसेल, बातमीपत्रासारखी किंवा धड्यातल्यासारखी वाटत असेल, तर तिथे आपण शब्दाला चिकटलोय.

दुसरी, मूळ फोटो न दाखवता फक्त मराठी रूप दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. नावं बदलून, नंबर झाकूनच द्यायचं. मग विचारा, 'कोण कुणाला चिडवतंय? कोण रागावलंय? सूर कुठे बदलला?' त्यांची उत्तरं आपल्या क्रियापदांच्या यादीशी जुळली, तर भाषांतर झालं. जुळली नाहीत तर कुठली ओळ दिशाभूल करते ते लगेच सापडतं.

बोलीतल्या शब्दांची यादी करून भिंतीवर लावावी असं कुणाला वाटेल. तिचा उपयोग थोडेच दिवस होतो. मुलांचे हे शब्द पटापट जुने होतात, आणि मोठ्यांना कळले की मुलं ते टाकूनच देतात. आपल्या गावच्या मुलांत, आपल्या शाळेत तो शब्द वेगळ्या छटेनेही चालत असतो. शब्द अडला तर सरळ मुलांनाच विचारावं, पण 'याचा अर्थ काय?' असं न विचारता 'हा शब्द तुम्ही कधी वापरता, एक उदाहरण दे' असं विचारावं. उदाहरणातून सूर कळतो, नुसत्या अर्थातून कळत नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट ठेवूया. सातव्या ओळीसारखं काही दिसलं, पुन्हा पुन्हा दिसलं, किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल स्पष्ट लिहिलेलं असलं, तर भाषांतराचा कीस काढत बसू नका. मुलाजवळ बसा, मुख्याध्यापकांना आणि पालकांना सोबत घ्या. मुलांसाठीची 1098 ही चाइल्डलाइन आणि मानसिक आरोग्यासाठीची 14416 ही टेलि-मानस सेवा, दोन्ही फुकट आहेत.

आपल्या नमुन्यापुरतं बोलायचं तर रियाच्या आईला मी सांगेन, की घरी गेल्यावर स्क्रीनशॉट पुढे करून जाब विचारू नका. स्वयंपाक करता करता सहज म्हणा, "रविवारचा डायलॉग म्हणून दाखव ना मला, मी सर होते." ती म्हणायला लागली तर प्रश्न नाटकाचाच होता. नुसतं "बरं" म्हणून आत निघून गेली, तर जेवणानंतर तिच्याजवळ जाऊन बसा.